निरोपाचा मेसेज श्रद्धांजलीसारखा का वाटतो?

प्रश्न: ३१ मेला आमच्या आस्थापना शाखेतल्या मॅडम रिटायर होत आहेत. ऑफिसच्या ग्रुपवर टाकायला मी हा मेसेज लिहिलाय: "🙏💐 भावपूर्ण निरोप 💐🙏 आपल्या सर्वांच्या लाडक्या मॅडम आज आपल्याला सोडून जात आहेत. त्या अत्यंत मनमिळाऊ व कष्टाळू होत्या. त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. त्यांचे उर्वरित आयुष्य सुखाचे जावो हीच ईश्वरचरणी प्रार्थना 🌹🙏😢". शेजारच्या टेबलावरची म्हणते, वाचून छातीत धस्स झालं. 'निरोप' शब्दच अशुभ आहे का? त्याऐवजी काय लिहू, आणि इमोजी कोणत्या टाकू?

उत्तर: 'निरोप' बिचारा निर्दोष आहे. दहावीच्या मुलांचाही निरोप समारंभच होतो आणि तिथे कुणाला धस्स होत नाही. या शब्दाचा मूळ अर्थ सांगावा असा, शिवाय रजा, परवानगी असाही. म्हणून पाहुणा निरोप 'घेतो' आणि यजमान निरोप 'देतो', म्हणजे एक जायची परवानगी मागतो आणि दुसरा ती देतो. 'रजा घेतो' म्हणतानाही आपण हेच करतो. अशुभाची सावली पडते ती त्याला चिकटणाऱ्या विशेषणामुळे. 'अखेरचा निरोप', 'साश्रू नयनांनी निरोप' आणि 'जगाचा निरोप' हे तिन्ही प्रयोग वर्तमानपत्रांनी अंत्ययात्रेच्या बातमीत इतके वापरलेत की ते आता तिथलेच झालेत. 'भावपूर्ण' तर जवळजवळ 'श्रद्धांजली'च्या मालकीचा शब्द झालाय. गणपतीच्या विसर्जनाला 'भावपूर्ण निरोप' चालतो, कारण बाप्पा पुढच्या वर्षी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. मॅडमच्या बाबतीत तशी सोय नाही. तेव्हा 'निरोप' ठेवा, 'भावपूर्ण' काढा.

तुमच्या मैत्रिणीला खरा धक्का बसला असणार तो दुसऱ्या वाक्याला. "मनमिळाऊ व कष्टाळू होत्या." निधनवार्तेचा ठरलेला साचा आठवून पाहा: "मनमिळाऊ स्वभावामुळे त्या सर्वपरिचित होत्या. त्यांच्या पश्चात..." मराठी वाचकाचं डोकं 'मनमिळाऊ' आणि 'होत्या' एकत्र दिसले की 'त्यांच्या पश्चात' स्वतःच जोडून घेतं. वास्तविक मॅडम १ जूनलाही मनमिळाऊच असणार. भूतकाळ कामाला लावा, माणसाला लावू नका. 'तुम्ही आमची सेवापुस्तकं सांभाळलीत' यात काम संपलं एवढंच कळतं. 'त्या कष्टाळू होत्या' यात माणूसच संपतो.

तिसरा पुरुष काढून दुसरा आणलात तर हा घोळ बराचसा आपोआप मिटतो. मॅडम स्वतः त्या ग्रुपमध्ये आहेत ना? मग 'त्या', 'त्यांच्या', 'त्यांनी' कुणाला सांगताय? हजर माणसाबद्दल तो गैरहजर असल्यासारखं बोलणं ही भाषणाची लकब आहे. समारंभात माइकवर ती खपते, कारण तिथे वक्ता श्रोत्यांकडे बघून बोलत असतो. ग्रुपवर मात्र सरळ 'मॅडम, तुम्ही' असं लिहावं. आणखी अदब हवी तर 'आपण' लिहा, पण एकदा 'आपण' घेतलंत की शेवटपर्यंत तेच ठेवा. 'आपण शिकवलंत आणि तुम्ही सांभाळून घेतलंत' अशी खिचडी फार दिसते. शिवाय 'आपण' म्हणजे आपण सगळे, असाही अर्थ लागतो, तो गोंधळ वेगळाच. माझं मत 'तुम्ही'कडे झुकतं.

'न भरून येणारी पोकळी' हीही श्रद्धांजली सभेची, आणि इथे खोटीसुद्धा, कारण त्या टेबलाचा कार्यभार कुणाकडे जाणार याचा आदेश बहुतेक आधीच निघालेला असतो. 'उर्वरित आयुष्य' लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण वाचणारा उरलेली वर्षं मोजू लागतो. 'पुढचे दिवस' म्हणा, 'यापुढे' म्हणा. 'सोडून जात आहेत'ऐवजी 'सेवानिवृत्त होत आहेत' किंवा साधं 'रिटायर होत आहेत' पुरे. अलीकडे 'सेवापूर्ती' हा शब्द पत्रिकांवर आणि फलकांवर पुष्कळ दिसतो. तो मला आवडतो, कारण 'निवृत्ती'त मागे फिरणं आहे आणि 'पूर्ती'त काम तडीस जाणं. मात्र आदेशात आणि पेन्शनच्या कागदांत 'नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त' असंच राहणार. तिथे 'सेवापूर्ती' लिहायला जाऊ नका.

जाता जाता, तुमच्या मॅडम ३१ मेला निवृत्त होतायत यात नवल नाही. पूर्वी शाळेत नाव घालताना नक्की जन्मतारीख माहीत नसली की गुरुजी सरळ १ जून टाकत. राज्य शासनात बहुतेक पदांना निवृत्तीचं वय ५८, आणि ते ज्या महिन्यात पूर्ण होतं त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. पण जन्म १ तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याचा अखेरचा दिवस धरतात. त्यामुळे १ जूनवाले सगळे ३१ मेला एकदम बाहेर पडतात. त्या दिवशी मोठ्या कार्यालयांच्या ग्रुपवर निरोपाच्या मेसेजांची रांग लागते आणि बरेचसे कुठून तरी उचलून नाव बदललेले असतात. श्रद्धांजलीची वाक्यं निरोपात घुसतात ती याच वाटेनं.

आता इमोजी. 🙏 हे चित्र २०१० साली युनिकोडमध्ये आलं. आपल्याकडे ते नमस्कार, आभार, विनंती, माफी आणि श्रद्धांजली अशा पाच कामांना वापरतात. 💐 सुद्धा वाढदिवसाला, बढतीला आणि दुःखद बातमीला असं तिन्हीकडे जातं. म्हणजे सुटं घेतलं तर दोघांतलं एकही अशुभ नाही. पण 🙏💐 ही जोडी मेसेजच्या अगदी सुरुवातीला, त्यातून 'भावपूर्ण'ला खेटून आली की तिचा अर्थ एकच उरतो. त्यात भर म्हणजे फोनच्या वरच्या पट्टीत मेसेजचा आरंभच तेवढा दिसतो. तुमच्या मेसेजचं तिथे "🙏💐 भावपूर्ण नि..." एवढंच दिसलं, तर कुणीतरी ग्रुप न उघडता 'ॐ शांती' टाकून मोकळा होईल. त्याच्याखाली आणखी चार जण 🙏🙏 टाकतील आणि मॅडम ते सगळं वाचत बसतील. म्हणून पहिल्या ओळीत इमोजीच नको. मॅडमना हाक आणि निमित्त, दोन्ही तिथेच येऊ द्या.

💐 ठेवायचाच असेल तर त्याच्या शेजारी 🎉 किंवा 😊 द्या. शेजारी बदलला की गुच्छ सत्काराचा होतो. 🙏 एकच, अगदी शेवटी, आभाराच्या शब्दाला लागून. 🌹 टाळा, कारण पाकळ्या वाहिल्यासारखा दिसतो. 🪔 दिवाळीत दिवाळीचा, एरवी स्मृतीचा. 🕊️ आणि डोक्यावर वलय असलेला 😇 तर नकोच. 🌇 सुंदर आहे, पण मावळता सूर्य रिटायर होणाऱ्याला कशाला दाखवायचा? 👋 बरोबरीच्या मित्राला टाटा करायला ठीक, मॅडमना जरा उडवल्यासारखं होईल.

😢 बद्दल तुम्ही थबकला असाल तर बरोबरच थबकलात. रडणारा चेहरा दुःख जाहीर करतो. त्याच्या धाकट्या भावाची, 😭 ची, अडचण उलटी आहे: ऑफिसातली तरुण मंडळी तो हसून लोटपोट झाल्यावर टाकतात. तुम्हाला हवी आहे ती मधली छटा, डोळ्यांत पाणी पण ओठांवर हसू, आणि ती 🥹 मध्ये नेमकी सापडते. फक्त हे चित्र २०२१ नंतरचं आहे. ज्यांचा फोन बरेच वर्षं अपडेट झालेला नाही त्यांना त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. मॅडमचा फोन जुना असेल तर 😊 वर भागवा.

या सगळ्यापेक्षा कामाची एक इमोजी सांगतो: 📒. युनिकोडमध्ये तिचं नावच खातेवही आहे, आणि आस्थापना शाखेच्या बाईंना ती बघून सेवापुस्तकच आठवेल. गुच्छ कुणालाही देता येतो, वही फक्त त्यांनाच लागू पडते. शब्दांचंही असंच. 'मनमिळाऊ', 'कष्टाळू' ही दोन्ही विशेषणं खोडा आणि त्यांनी केलेली एक गोष्ट लिहा. आस्थापना शाखेत अशी गोष्ट हटकून सापडते: रजेची राहिलेली नोंद, अडकलेली वेतननिश्चिती, वेतन पडताळणी पथकाकडून परत आलेलं पुस्तक. तुमच्या कार्यालयात नेमकं काय घडलं ते तुम्हाला माहीत. मी उदाहरणादाखल वेतननिश्चिती धरून लिहितो:

"मॅडम, आज तुमच्या सेवापूर्तीचा दिवस! 🎉💐
आमच्यापैकी प्रत्येकाचं सेवापुस्तक 📒 तुमच्या हाताखालून गेलंय. वेतननिश्चितीत कुणाची वेतनवाढ चुकली की आमच्या आधी तुमच्या लक्षात यायचं आणि 'अर्ज घेऊन ये' असा निरोप यायचा. तो निरोप आता येणार नाही, याची सवय करावी लागेल 😊
इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पेन्शनच्या केसेस मार्गी लावल्यात, आता स्वतःच्या पेन्शनीत निवांत राहा. अधूनमधून चहाला ☕ या, खुर्ची तीच मिळेल याची खात्री नाही, पण चहा नक्की.
मनापासून आभार 🙏
– आस्थापना शाखा"

यात 'निरोप' आलाय, पण सांगावा या अर्थानं. मुद्दामच ठेवला, वाचणाऱ्याला गंमत वाटेल. 'याची सवय करावी लागेल' हे वाक्य पोकळीचंच काम करतं, फक्त हार न घालता. खुर्चीवरची कोटी मॅडमचा स्वभाव बघून ठेवा. काहींना त्या दिवशी खुर्चीचा विषय बोचतो.

एकच इमोजी चार-चारदा टाकू नका. ज्यांना नीट दिसत नाही ते फोनकडून मेसेज वाचून घेतात, आणि तो प्रत्येक चित्राचं नाव घेत सुटतो: पुष्पगुच्छ, पुष्पगुच्छ, पुष्पगुच्छ. वरच्या मेसेजमध्ये सहा इमोजी आहेत, सहाही वेगळ्या. याहून जास्त मला तरी जड वाटतात.

साहेबांनी 'दोन ओळींत आटपा' म्हटलं तर हे टाका: "मॅडम, सेवापूर्तीच्या मनापासून शुभेच्छा 💐😊 आमची सेवापुस्तकं तुम्ही सांभाळलीत, आता स्वतःची तब्येत सांभाळा. येत राहा!" आणि ॲडमिनना सांगून ठेवा, मॅडमना त्याच रात्री ग्रुपमधून काढू नका म्हणावं. शुभेच्छांच्या खाली लगेच 'काढून टाकले' अशी ओळ उमटली, तर वरचं सगळं लिहिणं फुकट.