सीनियर रात्री फाईल परत का पाठवतात

प्रश्न : मी पुण्यात एका सीए फर्ममध्ये आर्टिकल आहे. ऑगस्टपासून रोज रात्रीचे अकरा-साडेअकरा होतात आणि सीनियर एवढ्या-तेवढ्यावरून अख्खी फाईल परत करायला लावतात. टॅक्स ऑडिटचा सीझन असाच असतो का? यातून मार्ग काय?

उत्तर :

हो, सीझन लांबच असतो. पण त्यातले बरेच तास वाचवता येतात. मी आर्टिकलशिप पुण्यातच केली आणि आता तशाच फाइली माझ्याकडे रिव्ह्यूला येतात. दोन्ही बाजूंनी पाहून माझं मत असं झालंय की काम खूप असतं हे खरंच, पण रात्र होते ती मुख्यतः कामाचा क्रम चुकल्यामुळे. एकच उदाहरण घेते, पण शेवटपर्यंत नेते. आकडे समजायला सोपे केले आहेत.

भोसरीत जॉबवर्क करणारी एक भागीदारी फर्म, हिशेबाचं वर्ष 2024-25. आर्टिकलने ताळेबंद तयार केला, भागीदारांचा मोबदला काढला, कराची तरतूद केली आणि मग टॅक्स ऑडिटचा तपशिलाचा फॉर्म 3सीडी भरायला घेतला. क्लॉज 20(बी) मध्ये कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ कधी भरला ते महिन्यागणिक द्यायचं असतं. त्याने टॅलीतलं पीएफचं लेजर उघडून तारखा उतरवल्या. सप्टेंबरच्या पगाराचा पीएफ 15 ऑक्टोबरला भरलेला दिसत होता आणि मुदतही तीच. त्यामुळे त्याच्या दृष्टीने सगळं वेळेत होतं.

रिव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न येतो तो इथेच : चलन कुठे आहे? लेजरमधली तारीख ही क्लायंटच्या अकाउंटंटने एंट्री टाकल्याची तारीख असते. ईपीएफओच्या पोर्टलवरून चलन काढलं तर पैसे 17 ऑक्टोबरला भरल्याचं दिसतं. बँक स्टेटमेंटही तेच सांगतं. दोन दिवस उशीर. कामगाराचा वाटा मुदतीनंतर भरला तर तो खर्च म्हणून कायमचा नामंजूर होतो, पुढच्या वर्षीही मिळत नाही. चेकमेट सर्व्हिसेसच्या निकालात सुप्रीम कोर्टाने 2022 मध्ये हे स्पष्ट केलं आणि 2024-25 च्या हिशेबाला तेच लागू होतं. मालकाच्या वाट्याचं तसं नाही. तो रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरला तरी चालतो.

मग नामंजूर किती करायचं? त्या महिन्याचा पीएफ लागू असलेला पगार 3,20,000, म्हणजे 12 टक्क्यांनी कामगारांचा वाटा 38,400. चलनावर मात्र खाते क्रमांक 1 समोर 50,144 दिसतात, कारण मालकाच्या वाट्यातले 3.67 टक्केही त्याच खात्यात जातात. घाईत चलनावरचा आकडा उचलला की पुन्हा चूक. कामगारांचा वाटा वेगळा काढायला प्रत्येक कामगाराची रक्कम दाखवणारा ईसीआर उघडावा लागतो.

इथपर्यंत अर्ध्या तासाचं काम. रात्र होते ती यापुढे. भागीदारीच्या करारात मोबदला 'कलम 40(बी) प्रमाणे जास्तीत जास्त' असा लिहिलेला आहे. तो मोबदला बुक प्रॉफिटवर, म्हणजे मोबदला वजा करण्याआधीच्या नफ्यावर ठरतो आणि 38,400 नामंजूर झाले की बुक प्रॉफिट तेवढंच वाढतं. सहा लाखांच्या वरच्या बुक प्रॉफिटवर 60 टक्के, म्हणून मोबदला 23,040 ने वाढतो. फर्मचं करपात्र उत्पन्न वाढतं फक्त 15,360 ने, बाकीचं भागीदारांच्या रिटर्नमध्ये जातं. म्हणजे नफा-तोटा पत्रक बदललं, कराची तरतूद बदलली, भागीदारांची भांडवल खाती बदलली, ताळेबंद बदलला. भागीदारांची रिटर्न तयार करून ठेवली असतील तर तीही बदलली. सीनियरने एका तारखेवरून 'अख्खी फाईल परत कर' म्हटलं तर त्यामागे हे असतं. ते नीट समजावून सांगत नाहीत ही त्यांची उणीव आहे आणि मला ती खरंच खुपते, पण शेरा बरोबर असतो.

म्हणून क्रम उलटा करा. ताळेबंद पक्का करण्याआधी फक्त पैसे हलवणारे क्लॉज हातात घ्या : 20(बी), 21 मधला टीडीएस न कापलेला आणि रोखीतला खर्च, 22 मधली लघुउद्योगांची थकलेली देणी, 26 मधल्या 43बी च्या, म्हणजे प्रत्यक्ष भरल्यावरच खर्चात धरायच्या रकमा. यांनी करपात्र उत्पन्न हलतं. क्लॉज 44 मधली जीएसटी नोंदणी असलेल्या-नसलेल्यांकडच्या खर्चाची फोड वेळ खूप खाते, पण तिच्यामुळे कर बदलत नाही. ती नंतर केली तरी ताळेबंद मोडत नाही. बहुतेक आर्टिकल क्लॉज 1 पासून ओळीने भरत जातात आणि जड क्लॉज दमलेल्या डोक्याने संध्याकाळी हाती येतात.

दुसरं म्हणजे सीनियरकडे पूर्ण फाईल रात्री आठला नेऊ नका. हे चार क्लॉज झाले की दुपारीच दाखवा, प्रत्येक आकड्यासमोर तो कुठून आला ते लिहून : चलन, बँक स्टेटमेंट की क्लायंटचं तोंडी उत्तर. कडक सीनियर ज्या गोष्टीवर सर्वात जास्त चिडतात ती म्हणजे 'हा आकडा कुठून आला?' याला उत्तर नसणं. दुपारी पाच शेरे आले तर ते त्याच दिवशी सहापर्यंत संपतात. तेच शेरे रात्री नऊला आले तर तुमची शेवटची पीएमपी बस जाते.

क्लायंटकडे कागद मागतानाही 'पीएफचे कागद पाठवा' असं मोघम नको. 'सप्टेंबर 2024 च्या पगाराचं पीएफ चलन आणि ईसीआर, गुरुवारपर्यंत' असं मेलवर, सीनियरला सीसी ठेवून लिहा. पुढे उशीर झाला तर तो कोणाकडून झाला हे त्या मेलमध्ये दिसतं आणि बोलणी तुम्हाला बसत नाहीत.

आता यातलं काय सहन करायचं नाही तेही सांगते. इन्स्टिट्यूटच्या नियमात आर्टिकलचे तास आठवड्याला 35 आहेत. सप्टेंबरमध्ये ते कुठेच पाळले जात नाहीत हे मला माहीत आहे आणि ते बरोबर आहे असं मी म्हणणार नाही. जादा थांबलात ते दिवस लिहून ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये त्या बदल्यात सुट्टी मागा, स्पष्ट शब्दांत, शक्य तर मेलवर. रात्री उशिरा थांबवलं तर घरी जाण्याची सोय फर्मने करायला हवी. हे मागण्यात उद्धटपणा नाही. चलन न बघता '15 ऑक्टोबरच टाक' असं कोणी सांगितलं तर ते वर्किंग पेपरवर स्वतःच्या अक्षरात लिहू नका, सही करणाऱ्या सरांना थेट विचारा. रिपोर्टवर सही त्यांची असते आणि रिपोर्टचा ओळख क्रमांक, यूडीआयएनही त्यांच्याच नावाने निघतो, त्यामुळे हा प्रश्न त्यांना कळायलाच हवा. शेऱ्यांऐवजी शिव्या येत असतील, तर तो सीझनचा भाग नाही, तिथे प्रिन्सिपलशीच बोला.

मुदतवाढीच्या भरवशावर मात्र राहू नका. 2025 मध्ये 30 सप्टेंबरची मुदत आधी 31 ऑक्टोबर आणि मग 10 नोव्हेंबर झाली. पहिली वाढ 25 सप्टेंबरला जाहीर झाली, म्हणजे तोपर्यंत सगळ्यांच्या रात्री जागून झाल्या होत्या. पुढे दिवाळीतही फाइली उघड्याच राहिल्या आणि जानेवारीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना ते फार जड गेलं. परीक्षेची रजा हवी असेल तर तिचा अर्ज ऑगस्टमध्येच देऊन ठेवा, मुदत वाढो न वाढो.