वजन उतरलं, आता आकडे पुन्हा मांडा

वजन ९२ वरून ८२ किलोवर आलं आणि तिथेच थांबलंय असं वाटत असेल, तर ९२ किलोला ठरवलेल्या रोजच्या २१०० कॅलरी आता तेवढंच काम करणार नाहीत. शरीर लहान झालं की त्याचा खर्चही घटतो. मिफ्लिन-सेंट जॉर सूत्राने विश्रांतीचा खर्च, म्हणजे नुसतं पडून असताना शरीर जाळतं त्या कॅलरी, किलोमागे साधारण १० कॅलरीने उतरतो, म्हणजे तुमचा १००. हालचाल धरून रोजचे १४० च्या आसपास. म्हणून नवा आकडा १९५० धरा. दर ४-५ किलोला हिशेब पुन्हा करा, दर आठवड्याला नको.

पण आधी वजन खरंच थांबलंय का ते बघा. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. रविवारी इंदूरच्या सराफ्यात खारट-गोड खाल्लं की सोमवारी काटा किलोभर वर दिसतो. ते बहुतेक पाणी असतं. सलग तीन आठवडे सरासरी हलली नाही, तरच कॅलरी कमी करा.

नवशिके इथे सगळंच त्याच प्रमाणात कापतात, प्रथिनंसुद्धा. ते करू नका. कॅलरी कमी पडतात तेव्हाच स्नायू सांभाळायला प्रथिनं लागतात. किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे ८२ किलोला १३० ग्रॅम. आधी १४५ घेत असाल तर तेच चालू द्या. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडा डॉक्टरांकडूनच घ्या.) १५० कॅलरी तेल आणि शेवेतून काढा: पोह्यांवरची मूठभर, २० ग्रॅम शेव आणि फोडणीतलं एक छोटा चमचा तेल सोडलं की झालं. पनीर, डाळ, अंडी तशीच ठेवा.