जांभळ्या रंगावर विसंबू नकोस

अगं, नाशिकला आमच्या लॅबमध्ये आलीस त्याच आठवड्यात तू विचारलंस, अँपिसिलिन हे प्रतिजैविक देऊनही कॅथेटरच्या तुकड्यावरच्या बायोफिल्मचा, म्हणजे जिवाणूंच्या चिकट थराचा, जांभळा रंग तेवढाच कसा? क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग मेलेल्या पेशींना आणि त्यांच्याभोवतीच्या चिकट द्रव्यालाही धरून बसतो. जिवंत किती, ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी 1 सेंटिमीटरचा तुकडा सलाइनने तीनदा हलकेच धू, ध्वनिलहरींनी जिवाणू सुटे करणाऱ्या सोनिकेटरमध्ये 5 मिनिटं ठेव, द्रव विरळ करून आगरवर पसर आणि वसाहती मोज. औषधाने सहज मरणाऱ्या जिवाणूंच्याही वसाहती दिसतील, कारण खालच्या थरात अन्न-ऑक्सिजन कमी, वाढ जवळजवळ थांबलेली, आणि अँपिसिलिन वाढणाऱ्यांचीच भिंत मोडतं. सोनिकेशन लांबलं तर मात्र जिवाणूच मरतात, आकडा उगाच कमी येतो. म्हणून मी आधी द्रवात मोकळ्या तरंगणाऱ्या जिवाणूंवर सोनिकेशनची वेळ तपासते.