शंभर चेस्ट उघडूनही रिकामा हात: पिटी टायमर कसा बसवावा?

प्रश्न: माझ्या आरपीजीमध्ये बॉसच्या चेस्टमधून लेजेंडरी मिळण्याची शक्यता 2% आहे. काही खेळाडू 100 चेस्ट उघडूनही काही मिळालं नाही म्हणून खेळ सोडतात. सरळ 100 व्या चेस्टला हमी दिली तर चालेल का? चेस्टमधल्या वस्तूंच्या टेबलची रचना कशी ठेवू?

उत्तर:

चालेल, अशा हमीलाच पिटी टायमर म्हणतात, पण तिचे दोन परिणाम आधी बघा. सपाट 2% मध्ये सरासरी 50 चेस्ट लागतात, तरी 100 चेस्टनंतर रिकाम्या हाती राहणारे 13% असतात (`0.98^100`). तुमच्याकडे तक्रारी येतात त्या यांच्याच. नुसती 100 व्या चेस्टची हमी टाकली, तर एवढ्या सगळ्यांना वस्तू नेमकी 100 व्यालाच मिळते. त्यांना ते नशीब वाटत नाही, हप्ते फेडून घेतल्यासारखं वाटतं. शिवाय सरासरी 50 वरून 43 वर येते, म्हणजे नकळत तुमची अर्थव्यवस्था सैल होते.

म्हणून हमीच्या आधी चढण ठेवा. मूळ शक्यता 1.5% करा, 80 चेस्टपर्यंत ती तशीच राहू द्या, 81 व्यापासून दर चेस्टला 2 टक्के अंकांनी वाढवा आणि 100 व्याला पक्की हमी द्या:

```python
def legendary_chance(misses):
    n = misses + 1
    if n >= 100:
        return 1.0
    if n <= 80:
        return 0.015
    return 0.015 + 0.02 * (n - 80)
```

याची सरासरी 49 चेस्ट येते, म्हणजे तुमचा उदारपणा जवळपास पूर्वीइतकाच राहिला. पण आता 70% खेळाडूंना वस्तू पहिल्या 80 मध्ये, निव्वळ नशिबाने मिळते. उरलेले 30% चढणीवर वेगवेगळ्या चेस्टला सुटतात, आणि पक्क्या हमीपर्यंत हजारात दोन-तीनच पोचतात. याची किंमत सुरुवातीला मोजावी लागते: पहिल्या दहा चेस्टमध्ये लेजेंडरी मिळण्याची शक्यता 18% वरून 14% होते. मला हा सौदा पटतो. मात्र मूळ शक्यता आणखी खाली ओढून चढण लवकर सुरू केलीत, तर बहुतेकांना वस्तू चढणीवरच मिळेल. खेळाडू हे पटकन ओळखतात आणि आधीच्या चेस्ट निर्विकारपणे उघडू लागतात. सत्तर टक्क्यांच्या आसपास नैसर्गिक यश ही माझी स्वतःची खालची मर्यादा आहे.

गेन्शिन इम्पॅक्ट या खेळाचे जाहीर आकडे याच नजरेने वाचून बघा. पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता 0.6%, हमी 90 व्या ओढीला, म्हणजे नशीब आजमावण्याच्या 90 व्या प्रयत्नाला, आणि हमीसकट एकूण दर 1.6%. नुसतं 0.6% आणि 90 ची हमी असती तर सरासरी 70 ओढी लागल्या असत्या, आणि निम्म्याहून जास्त खेळाडू थेट 90 ला पोचले असते. 1.6% म्हणजे सरासरी 62 ते 63 ओढी. हा फरक चढणीशिवाय भरून निघत नाही. खेळाडूंनी आपापल्या नोंदी गोळा करून ती 74 च्या आसपास सुरू होते असं काढलंही.

आता टेबल. लेजेंडरी आणि साध्या वस्तू एकाच वजनांच्या यादीत ठेवू नका. एकूण 1000 वजनात लेजेंडरीचं 20 असेल आणि पुढच्या अपडेटला कुणी 200 वजनाची नवी औषधी टाकली, तर 2% गुपचूप 1.67% होतं. कोणाच्या लक्षातही येत नाही. आधी दुर्मिळतेचा फासा टाका, मग त्या गटातली वस्तू वजनांनी निवडा. पिटीचा संबंध फक्त पहिल्या फाशाशी असतो, त्यामुळे कंटेंट टीमने दुसऱ्या यादीत काहीही घातलं तरी लेजेंडरीचा दर हलत नाही.

मोजणी सर्व्हरवर ठेवा आणि बक्षीस देणं व मोजणी बदलणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करा, नाहीतर कनेक्शन तुटल्यावर कुणाची 95 चेस्टची पुण्याई जाते किंवा हमी दोनदा वाजते. स्वस्त आणि महाग चेस्टची मोजणी कधीच एक करू नका. खेळाडू स्वस्त चेस्टवर 99 पर्यंत पोचतात आणि शंभरावी महाग उघडतात. मोजणी स्क्रीनवर दाखवा असं माझं ठाम मत आहे, विशेषतः पैसे घेऊन चेस्ट विकत असाल तर. "हमीपर्यंत 12 बाकी" हे दिसलं की 88 व्या अपयशाचा राग येत नाही, पुढच्या चेस्टची ओढ लागते.

रिलीजपूर्वी एक लाख खोटे खेळाडू चालवा आणि सरासरीवर थांबू नका, कितव्या चेस्टला किती जणांना मिळालं याचा आलेख काढा. वरच्या आकड्यांत 80 नंतर हळूहळू चढून पुन्हा उतरणारा उंचवटा दिसेल. 100 वर एकटी उभी दांडी दिसली, तर चढण उशिरा सुरू होतेय किंवा फार मंद आहे. 81 चं 75 करा किंवा पायरी 2 ची 3 करा, आणि सरासरी 50 च्या खाली घसरली तेवढी मूळ 1.5% मधून कापा.