खरूज परत परत येते, कारण घरातला एक जण सुटतो

प्रश्न: मोठा मुलगा (९ वर्षं) वसतिगृहातून खरूज घेऊन आला. मलम लावलं, बरं वाटलं, महिन्याभरात परत सुरू. आता मलाही रात्री खाज सुटते. घरात नवरा, सासूबाई आणि ७ महिन्यांचं बाळ आहे, त्यांना काही नाही. त्यांनाही लावायचं का? आणि गाद्या-गोधड्यांचं काय करू?

उत्तर: हो, पाचही जणांना, आणि एकाच रात्री. मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे. खरूज परत आली म्हणून येणाऱ्या घरांत मला बहुतेक वेळा हेच दिसतं: ज्याला खाज त्यालाच मलम लावलेलं असतं.

पहिल्यांदा खरूज झाली की खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. किडा कातडीत शिरलेला असतो, अंडी घालत असतो, पण शरीराला त्याची ॲलर्जी अजून झालेली नसते. तुमच्या सासूबाई आणि बाळ आज कदाचित याच अवस्थेत असतील. मुलाला मलम लावून तो आजीच्या कुशीत झोपला, की किडे परत त्याच्याकडे. त्याची ॲलर्जी आधीच तयार असल्याने या वेळी खाज एक ते चार दिवसांतच सुरू होते.

डॉक्टरांकडे सगळे मिळून जा. बहुधा ५ टक्के परमेथ्रिनचं मलम मिळेल. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅमची एक ट्यूब लागते, मुलाला अर्धी, बाळाला त्याहून कमी. म्हणजे तुमच्या घराला एका रात्रीसाठी चार ट्यूब आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा चार. एकच ट्यूब आणून सगळ्यांनी वाटून घेतली तर कुणालाच पुरत नाही.

रात्री लावा. गरम पाण्याने आंघोळ करून लगेच नको, अंग कोरडं आणि थंड असू द्या. मानेपासून पायाच्या तळव्यांपर्यंत, पुरळ असो वा नसो, सगळीकडे. बोटांच्या बेचक्या, मनगटं, काखा, बेंबी, कंबरेची पट्टी, जांघा, गुप्तांग, ढुंगण आणि कापलेल्या नखांच्या खाली विसरू नका. पाठ एकमेकांना लावून द्या. बाळाला आणि सासूबाईंना डोकं, कान आणि चेहऱ्यालाही लावावं लागतं, डोळे आणि तोंडाच्या आसपासची जागा सोडून. बाळाच्या हातांत मोजे घाला, म्हणजे ते मलम चाटणार नाही. पाजत असाल तर आधी स्तनाग्र पुसून घ्या आणि पाजून झाल्यावर पुन्हा लावा. हात धुतले तर हातांना परत लावायचं. ८ ते १४ तासांनी, म्हणजे सकाळी, आंघोळ. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर डॉक्टरांना ते आधीच सांगा, औषध वेगळं निवडता येतं.

कपड्यांचं काम त्याच सकाळी. गेल्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, टॉवेल, चादरी, उशांचे अभ्रे आणि बाळाची दुपटी गरम पाण्यात धुवा, ६० अंशांच्या वर, आणि कडक उन्हात वाळवा. सगळं उकळत बसायची गरज नाही, कारण माणसाच्या अंगापासून सुटलेला किडा दोन-तीन दिवसांत मरतो. म्हणून गोधड्या, स्वेटर, चपला, जे धुणं अवघड, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस बाजूला ठेवा. गाद्या उन्हात टाका आणि वर स्वच्छ चादर घाला. घरभर कीटकनाशक फवारू नका, त्याचा उपयोग नाही. साध्या खरजेत किडे मुख्यतः कातडीला कातडी लागून पसरतात, म्हणून कपड्यांसाठी दमून मलमात कसूर होऊ देऊ नका.

सात दिवसांनी हीच सगळी पद्धत पुन्हा, सगळ्यांसाठी. पहिल्या मलमातून काही अंडी वाचतात, त्यांतून निघालेली पिल्लं अंडी घालण्याआधी मारायची असतात. बरं वाटतंय म्हणून ही खेप बहुतेक घरं टाळतात.

यानंतरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते. मेलेल्या किड्यांची ॲलर्जी ओसरायला तेवढा वेळ लागतो. म्हणून रोज मलम लावत राहू नका, कातडी जळजळते आणि खाज आणखी वाढते. खाजेसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आणि साधं तेल पुरतं. औषध लागू पडलं नाही हे नव्या पुळ्यांवरून, बोटांच्या बेचक्यांत नव्याने दिसणाऱ्या बारीक करड्या रेषांवरून, किंवा चार आठवड्यांनंतरही तशीच राहिलेल्या खाजेवरून ओळखा. मेडिकलवाल्याने दिलेलं स्टिरॉइडचं मिश्र मलम मात्र लावू नका. खाज दबते, किडे वाढत राहतात आणि पुरळ ओळखायला आम्हालाही अवघड जातं.

फोडांत पू झाला, ताप आला, लघवी लालसर झाली किंवा चेहरा सुजला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सासूबाईंच्या हाता-पायांवर जाड खपल्या असतील तर तेही डॉक्टरांना दाखवा. त्या प्रकारात किडे हजारोंनी असतात, नुसत्या मलमाने भागत नाही, आणि कपडे-अंथरुणाची काळजीही मग खूप कडक घ्यावी लागते.

मुलगा वसतिगृहात परत जाण्याआधी त्याच्या दोन्ही खेपा झालेल्या असू द्यात, आणि वॉर्डनला कळवा, म्हणजे त्याच्या खोलीतल्या मुलांनाही एकदमच औषध देता येईल.