लेव्होडोपाची गोळी लवकर का उतरते आणि अंग आपोआप का हलतं?

प्रश्न: वडिलांना पार्किन्सन्स आहे, सात-आठ वर्षं लेव्होडोपा चालू आहे. आधी एक गोळी पाच-सहा तास सहज पुरायची, आता तीन तासांत उतरते. डोस वाढवला तर मान आणि हात आपोआप वळवळतात. शरीराला औषधाची सवय झाली का? गोळ्या उशिरा सुरू करायला हव्या होत्या का?

उत्तर: मी मेंदूविकारतज्ज्ञ आहे आणि हे दोन्ही प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारतं. सवय झालेली नाही. गोळी आजही काम करते, पण तिच्यापासून बनलेलं डोपामाइन, म्हणजे हालचालींसाठी मेंदूला लागणारं रसायन, साठवायची जागा आजाराने कमी केली आहे.

लेव्होडोपा मेंदूत पोहोचण्याआधीच वाया जाऊ नये म्हणून जोडलेल्या कार्बिडोपासोबत घेतलेली लेव्होडोपा रक्तात साधारण दीड तासात निम्मी होते, पहिल्या वर्षी आणि दहाव्या वर्षीही. तरी सुरुवातीला एक गोळी पाच-सहा तास पुरते, कारण तेव्हा डोपामाइनच्या बऱ्याच चेतापेशींची टोकं शिल्लक असतात. ती लेव्होडोपा आत घेतात, तिचं डोपामाइन बनवतात, बारीक पिशव्यांत भरून ठेवतात आणि गरजेपुरतं सोडतात. सोडलेलं पुन्हा आत ओढूनही घेतात. त्यामुळे रक्तातली पातळी खाली-वर झाली तरी मेंदूला ते फारसं जाणवत नाही.

वर्षागणिक ही टोकं कमी होतात. मग लेव्होडोपाचं डोपामाइन करण्याचं काम बऱ्याच अंशी सेरोटोनिनच्या चेतापेशींवर येतं. रूपांतर करणारं एन्झाइम आणि साठवायच्या पिशव्या त्यांच्याकडेही असतात, पण बाहेर डोपामाइन जास्त झालंय हे ओळखणारा रिसेप्टर नसतो आणि ते परत ओढून घेणारा पंपही नसतो. आलं तसं डोपामाइन बाहेर पडतं. आता मेंदूतली पातळी रक्तातल्या पातळीच्या मागोमाग चढते आणि उतरते.

वडिलांच्या बाबतीत हे आकड्यांत मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. समजा एका गोळीने पातळी 16 पर्यंत जाते आणि नीट चालायला किमान 4 लागते. 16 वरून 8 व्हायला दीड तास, 8 वरून 4 व्हायला आणखी दीड तास. म्हणजे तीन तासांनी पाय जड होणार. आता डोस दुप्पट केला, पातळी 32 वर गेली. फायदा किती? फक्त दीड तास जास्त. आणि 20 च्या वर अंग वळवळत असेल, तर शिखरानंतर सुमारे तासभर ते वळवळत राहणार. म्हणूनच आम्ही बहुतेक वेळा डोस मोठा करण्याऐवजी लहान डोस जवळजवळ देतो, किंवा लेव्होडोपाचं विघटन रोखणारं एन्टाकॅपोनसारखं औषध जोडतो.

वळवळ मुळात का होते, याचं उत्तर डोपामाइनचा इशारा घेणाऱ्या पलीकडच्या पेशींत आहे. डोपामाइन कमी पडू लागलं की स्ट्रायटम या हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागातल्या या पेशी जास्त संवेदनशील होतात. विशेषतः हालचालीला वाट मोकळी करून देणाऱ्या पेशींमध्ये डोपामाइन पकडणाऱ्या डी-वन रिसेप्टरनंतरची आतली साखळी तीव्र होते. रिसेप्टरांची संख्या फारशी वाढलेली नसली तरी त्याच इशाऱ्याला प्रतिसाद मोठा येतो. त्यावर दिवसातून अनेकदा डोपामाइनची लाट आदळली की पेशीत जनुकांच्या पातळीवर बदल होतात, आणि एकदा बळकट झालेली जोडणी पुन्हा सैल होण्याची क्षमता कमी होते. एरवी दाबून टाकल्या गेलेल्या हालचाली मग सुटतात. म्हणून सुरळीत चालण्याची पातळी आणि वळवळ सुरू होण्याची पातळी यांतलं अंतर वर्षागणिक घटतं. आमची खरी अडचण हीच असते. पोटात पंपाने संथपणे औषध सोडत राहिल्यावर अनेकांचा त्रास कमी होतो, त्याचं कारणही लाटा कमी होणं.

गोळ्या उशिरा सुरू केल्या असत्या तर? घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना 2014 मध्ये प्रसिद्ध झाली. घानामध्ये औषध बऱ्याच उशिरा मिळालं होतं, तरी हे त्रास आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर आले. डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया या आजारात तर चेतापेशी शाबूत असतात, फक्त डोपामाइन कमी बनतं. ते रुग्ण दशकानुदशकं लहान डोसवर राहतात आणि हा त्रास त्यांना क्वचितच होतो. मोठा डोस धोका वाढवतो हे खरं, पण औषध लवकर सुरू केलं म्हणून मनाला लावून घेऊ नका.

पुढच्या भेटीआधी चार दिवस वेळा लिहून ठेवा: गोळी कधी घेतली, अंग कधी मोकळं झालं, कधी आखडलं, वळवळ कधी झाली. वळवळ गोळीच्या ऐन भरात होत असेल तर प्रत्येक डोस लहान करणं किंवा वळवळ कमी करणारं अमँटाडिन देणं यांचा विचार होतो. पण काहींना ती औषध चढताना आणि उतरताना होते, बरेचदा पायांत, आणि मधल्या वेळात अंग ठीक असतं. अशा माणसाचा डोस घरच्यांनी परस्पर कमी केला तर वळवळ उलट वाढू शकते.