सर्व्हेअरला मेल करताना डेकबद्दल नीट लिही

बेळगावातून चोर्ला घाट उतरून गोव्याला जुनी फायबरग्लासची याट घ्यायला निघालायस, तर सर्व्हेअरला नुसतं "बोट बघून सांगा" असं लिहू नको. काय बघायचं ते मेलमध्ये स्पष्ट लिही की.

बोट पाण्याबाहेर काढूनच सर्व्हे हवा, हे पहिलं. पण माझं मत विचारशील तर जास्त ओळी डेकसाठी ठेव. बऱ्याच जुन्या याटींच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असतं. रेलिंगच्या खांबांचे बोल्ट त्यातून आरपार जातात. बोल्टभोवतीचं सीलंट सुटलं की पाणी आत झिरपतं आणि लाकूड कुजतं. वरून मात्र रंग चकचकीत दिसतो.

म्हणून असं लिही: "प्रत्येक खांबाच्या बुडाभोवती प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून बघा, ओलाव्याचं मीटर लावा आणि खराब भाग डेकच्या आराखड्यावर खुणा करून दाखवा." चांगला डेक खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. एकाच खांबाभोवती तळहाताएवढी जागा बद्द वाजली तर तेवढीच कापून दुरुस्ती होते. तोच आवाज पुढच्या दोन खांबांपर्यंत गेला असेल तर किंमत चांगली पाडून घे, नाहीतर सोड.

नुसत्या मीटरच्या आकड्यावर जाऊ नको. पावसाने डेक ओला असला किंवा खाली धातूची पट्टी असली तरी आकडा चढतो. खात्री करायला आतून छोटं भोक पाडावं लागतं. त्याला मालकाची लेखी परवानगी लागते, ती तू आधीच घेऊन मेलला जोड. इंजिनासाठी वेगळा मेकॅनिक बघ.